गोवराची लस दोनदा का? पंचाण्णव टक्क्यांमागचं साधं गणित

तुमच्या घरात लहान मूल असेल तर त्याचं लसीकरण कार्ड उघडून पाहा. 'एमआर' ही अक्षरं त्यावर दोन ठिकाणी दिसतील. पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. यातला 'एम' म्हणजे मीझल्स, आपल्या भाषेत गोवर, आणि 'आर' म्हणजे रुबेला. पहिल्या डोसाला आईवडील आठवणीनं जातात. दुसऱ्याच्या वेळेपर्यंत मूल घरभर धावू लागलेलं असतं. 'एकदा टोचली आहे की,' असं म्हणत तो डोस मागे पडतो.

एक डोस का पुरत नाही आणि आरोग्य खातं ९५ टक्के मुलांचा आग्रह का धरतं, याचं उत्तर शाळेतल्या भागाकारात आहे. चला, आपणच ते सोडवू.

एका रुग्णापासून किती जण?

समजा, एका गावात गोवर कुणालाच झालेला नाही आणि लसही कुणी घेतलेली नाही. अशा गावात गोवराचा एक रुग्ण आला, तर तो सरासरी किती जणांना आजार देईल? या संख्येला साथरोगतज्ज्ञ 'आर-नॉट' म्हणतात, म्हणजेच मूलभूत पुनरुत्पादन संख्या. गोवरासाठी ती साधारण १२ ते १८ मानली जाते. इतकी मोठी संख्या फार थोड्या आजारांची असते.

याचं कारण गोवराच्या स्वभावात आहे. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. शिवाय अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच मूल आजार पसरवू लागतं. तेव्हा नुसता ताप, खोकला, सर्दी असते आणि घरच्यांना वाटतं, हवा बदलली म्हणून असेल.

आपण सोयीसाठी मधली संख्या घेऊ, १५.

पंधरातले चौदा

आता गावातल्या काही जणांना संरक्षण मिळालं आहे असं धरा. रुग्ण पूर्वीइतक्याच लोकांच्या संपर्कात येईल, पण त्यातल्या सुरक्षित लोकांपाशी विषाणूची वाट बंद होईल. ज्या १५ जणांना आजार झाला असता, त्यातले निम्मे सुरक्षित असतील तर सात-आठ जणांना होईल. साथ चालूच राहील, फक्त थोडी हळू.

साथ विझायची असेल, तर प्रत्येक रुग्णामागे एकापेक्षा कमी नवा रुग्ण तयार व्हायला हवा. म्हणजे १५ पैकी १४ जण सुरक्षित असणं ही सीमारेषा झाली. १४ भागिले १५ म्हणजे ९३.३ टक्के. हाच सामूहिक प्रतिकारशक्तीचा उंबरठा. सूत्रात मांडायचं तर:

उंबरठा = १ − (१ ÷ आर-नॉट)

आर-नॉट १२ धरला तर उंबरठा सुमारे ९२ टक्के येतो आणि १८ धरला तर ९४. जितका आजार जास्त पसरणारा, तितका उंबरठा वर.

सर्वांना टोचूनही कमी पडते

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. ९३ टक्के हा आकडा सुरक्षित झालेल्यांचा आहे, लस टोचलेल्यांचा नाही. हे दोन आकडे वेगळे असतात.

नवव्या महिन्यात दिलेल्या पहिल्या डोसानं १०० पैकी साधारण ८५ मुलांना गोवरापासून संरक्षण मिळतं. उरलेल्या मुलांच्या शरीरात लस 'लागत' नाही. आईकडून आलेली प्रतिपिंडं काही बाळांच्या रक्तात अजून शिल्लक असतात. ती बाळाचं रक्षण करतात, पण लसीतल्या विषाणूलाही निष्प्रभ करून टाकतात.

म्हणून टोचायचं प्रमाण काढताना उंबरठ्याला लसीच्या परिणामकारकतेनं भागावं लागतं. ९३.३ भागिले ०.८५ म्हणजे जवळपास ११० टक्के! गावात मुलं शंभर आणि टोचायची एकशे दहा, हे कसं जमणार? एकही मूल न सोडता सगळ्यांना पहिला डोस दिला, तरी शंभरातली १५ असुरक्षित राहतात. तेव्हा एक रुग्ण १५ च्या १५ टक्के, म्हणजे सव्वादोन जणांना आजार देतो आणि साथ वाढतच जाते.

आता दुसरा डोस आणा. पहिल्यानं हुकलेली बहुतेक मुलं या वेळी सुरक्षित होतात आणि दोन डोसांनंतर संरक्षण सुमारे ९७ टक्क्यांवर जातं. ९३.३ भागिले ०.९७ म्हणजे ९६ टक्के. आर-नॉट १२ असेल तर साडेचौऱ्याण्णव. '९५ टक्के मुलांना दोन्ही डोस' हे उद्दिष्ट या हिशेबात बसतं. दुसरा डोस हा पहिल्यावरचा जादा मुलामा नाही, त्याच्याशिवाय गणित सुटतच नाही.

सरासरीचा चकवा

या सूत्राची एक मर्यादा आहे. सगळे लोक एकमेकांत सारखे मिसळतात, असं ते धरून चालतं. प्रत्यक्षात मुलं आपल्याच वस्तीत, आपल्याच अंगणवाडीत खेळतात.

एका शहरात सारख्या लोकसंख्येचे दहा प्रभाग आहेत असं समजा. नऊ प्रभागांत ९८ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळाले आणि दहाव्यात फक्त ६८ टक्के मुलांना. शहराची सरासरी बरोबर ९५ येते आणि कागदावर सगळं छान दिसतं. पण दहाव्या प्रभागात सुरक्षित मुलं ६६ टक्केच आहेत. तिथे एक रुग्ण पाच जणांना आजार देईल. दाटीच्या वस्तीत संपर्क जास्त, म्हणून तिथला आर-नॉटही वर जाऊ शकतो.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या दाट वस्त्यांत गोवराची साथ आली, तेव्हा हेच दिसलं. कोविडच्या काळात नियमित लसीकरण विस्कळीत झालं होतं आणि असुरक्षित मुलांची संख्या साठत गेली होती. त्या नोव्हेंबरमध्ये केंद्रानं राज्यांना सुचवलं, की साथीच्या भागात ९ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना एक जादा डोस देण्याचा विचार करावा. जिथे ९ महिन्यांखालच्या बाळांचं प्रमाण रुग्णांमध्ये दहा टक्क्यांहून जास्त होतं, तिथे सहाव्या महिन्यापासूनच एक डोस द्यावा, असंही सांगितलं. हा लवकरचा डोस नेहमीच्या दोनांत धरला जात नाही.

तुमच्या हातात काय?

कार्डावर दुसऱ्या 'एमआर'ची तारीख भरलेली नसेल, तर सरकारी लसीकरण केंद्रात जा. राहिलेला डोस पाच वर्षांपर्यंत तिथे मोफत मिळतो आणि मधे अंतर पडलं म्हणून सुरुवातीपासून टोचावं लागत नाही. बदली किंवा कामामुळे तुम्ही दुसऱ्या राज्यात राहायला गेला असाल, तरी तेच कार्ड घेऊन जा. मुलाला ताप आणि खोकल्यासोबत पुरळ दिसलं, तर त्याला अंगणवाडीत न पाठवता डॉक्टरांना दाखवा.

सहा महिन्यांच्या बाळाला एरवी ही लस देता येत नाही. आईकडून मिळालेलं संरक्षणही तोवर ओसरू लागलेलं असतं. त्या बाळाला गोवर होणार की नाही, हे शेजारच्या दीड वर्षाच्या मुलाचा दुसरा डोस झाला आहे का, यावर ठरतं.