चौदा पायऱ्यांचं शहर

मेक्सिको सिटीच्या मुख्य हमरस्त्यावर स्वातंत्र्याचा विजयस्तंभ आहे. १९१० साली तो उभा राहिला. त्यानंतर त्याच्या चौथऱ्याला खालच्या बाजूने चौदा पायऱ्या वाढवाव्या लागल्या. स्तंभ खोलवर ठोकलेल्या खुंटांवर टेकलेला आहे, म्हणून तो जागच्या जागी राहिला. भोवतालचा रस्ता मात्र खाली गेला.

हे शहर जुन्या तेस्कोको तलावाच्या गाळावर वसलं आहे. खाली मऊ चिकणमाती, आणि तिच्या खालच्या वाळू-रेतीच्या थरांतून शहर पाणी उपसतं. वरचा भार काही मातीचे कण पेलतात, काही कणांमधलं पाणी. उपशाने पाण्याचा दाब उतरला की जास्त भार कणांवर येतो, ते एकमेकांजवळ सरकतात आणि माती चेपली जाते. नाबोर कारियो या अभियंत्याने १९४०च्या दशकात हा संबंध मांडून दाखवला. पुढे मध्यवस्तीतल्या विहिरी बंद झाल्यावर तिथलं खचणं मंदावलं, पण नव्या विहिरी शहराच्या कडेला गेल्या आणि खचणंही त्यांच्या मागोमाग गेलं.

अख्खं शहर एकसारखं खाली गेलं असतं, तर इमारतींना फारसा धक्का बसला नसता. घात होतो तो कमी-जास्त खचण्याने. तिथलं मुख्य कॅथेड्रल पाहा. त्याच्या खाली अॅझ्टेक मंदिरांचे अवशेष आहेत. जिथे त्यांच्या वजनाने माती आधीच दाबली गेली होती तिथे ती कमी चेपली, बाजूला जास्त. परिणामी इमारतीच्या दोन टोकांत दोन मीटरहून अधिक फरक पडला, खांब कलले, कमानी तडकल्या. १९९०च्या दशकात अभियंत्यांनी उलटा मार्ग धरला. इमारतीखाली विहिरीसारखे खोल खड्डे घेऊन त्यांनी उंच राहिलेल्या बाजूखालची माती थोडी थोडी काढली आणि ती बाजू सावकाश खाली उतरवली. घुमटातून सोडलेला ओळंबा कल किती बदलला ते जमिनीवर दाखवतो.

नळांना अशी शुश्रूषा कोण करणार? जमीन वाकली की सांधे निखळतात, ताठ पाइप मोडतो. शहराच्या पाण्याचा सुमारे ४० टक्के भाग गळतीत जातो आणि ती तूट भरायला पुन्हा उपसा होतो. सांडपाण्याची गत आणखी वाईट. १९०० साली सुरू झालेल्या मोठ्या कालव्यातून पाणी उताराने आपोआप शहराबाहेर जायचं. जमीन खचली, उतार गेला आणि पाणी पंपाने उचलावं लागलं. शेवटी १९७५ साली खोल बोगद्यांची व्यवस्था सुरू करावी लागली.

आपल्याकडेही ज्या शहरात बोअरवेलवर सोसायट्या चालतात, तिथे पाण्याची पातळी आणि जमिनीची उंची दोन्ही नियमित मोजायला हवी. चिकणमाती एकदा अशी चेपली, की नंतर कितीही पाणी मुरवलं तरी ती पुन्हा पहिल्यासारखी फुगत नाही.