‘४एबी’ म्हणजे किती मार्क?

आयव्हीएफच्या रिपोर्टवर ‘४एबी’, ‘३बीबी’ अशी ग्रेड दिसली की जोडपी ती प्रगतिपुस्तकासारखी वाचतात. चार म्हणजे सहापैकी चार मार्क, हा पहिला गैरसमज.

तो आकडा मार्कांचा नाहीच. पाचव्या-सहाव्या दिवशी गर्भात द्रव भरलेली पोकळी तयार होते. या अवस्थेला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. पोकळी किती फुगली, हे १ ते ६ हा आकडा सांगतो. ३ म्हणजे पोकळीने गर्भ व्यापला, ४ म्हणजे तो फुगून बाहेरचं कवच पातळ झालं, ५ म्हणजे कवचातून बाहेर पडू लागला, ६ म्हणजे पूर्ण बाहेर आला. पहिलं अक्षर आतल्या पेशींच्या पुंजक्याचं. बाळ त्यातूनच घडतं. दुसरं अक्षर बाहेरच्या थराचं, ज्यातून मुख्यतः वार तयार होते. पेशी भरपूर आणि एकमेकींना घट्ट धरून असतील तर ए, विरळ असतील तर बी, अगदी मोजक्या असतील तर सी.

समजा, सहा बीजं फळली आणि त्यांतून एक ४एबी व एक ३बीबी मिळाला. आधी ४एबी गर्भाशयात सोडतील, कारण सरासरीने अशा गर्भांची रुजण्याची शक्यता जास्त असते. ग्रेडचं मुख्य काम एवढंच, रांग लावण्याचं. ३बीबीपासून निरोगी मुलं जन्मतात. बीसी ग्रेडच्या गर्भांपासूनही जन्मतात, फक्त कमी वेळा.

मग उरलेल्या चारांचं काय झालं? पाच दिवस वाढवल्याने गर्भ सशक्त होतो, असं अनेकांना वाटतं. खरं तर सुरुवातीचे दोन-तीन दिवस गर्भ बीजातल्या साठ्यावर चालतो, त्यानंतर स्वतःच्या जनुकांवर. तिथे बरेच थांबतात. संवर्धनाने निवड होते, गर्भ सुधारत नाही. म्हणून गर्भ एक-दोनच असतील तर काही डॉक्टर तिसऱ्या दिवशीच सोडायचं ठरवतात. पाचव्या दिवशी हाती काहीच न उरण्याचा धोका असतो.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज वेगळाच आहे: एए म्हणजे गुणसूत्रं बरोबर. सूक्ष्मदर्शकातून गुणसूत्रं मोजता येत नाहीत. एकविसावं गुणसूत्र जादा असलेला गर्भही सुरेख एए दिसू शकतो. बेचाळिशीतल्या स्त्रीचा एए आणि तिशीतल्या स्त्रीचा बीबी समोर ठेवले, तर गुणसूत्रं नीट असण्याची शक्यता बहुधा दुसऱ्यात जास्त, कारण इथे दिसण्यापेक्षा बीजाचं वय भारी पडतं. गर्भाशयाचं अस्तर तयार आहे की नाही, हे ग्रेडमध्ये नसतं. मुलाची बुद्धी किंवा प्रकृती तर नाहीच नाही.

शिवाय ग्रेड ही त्या घटकेची नोंद असते. एकाच गर्भाला दोन एम्ब्रियॉलॉजिस्ट ए आणि बी अशी वेगवेगळी अक्षरं देऊ शकतात. काही तासांत ३चा ४ होतो. फुगलेला गर्भ मध्येच आक्रसतो आणि पुन्हा फुगतो. गोठवलेला गर्भ वितळवल्यावर त्याच्याकडे पुन्हा पाहतात. तेव्हा जुन्या रिपोर्टवरच्या अक्षरांपेक्षा तो जगला का आणि परत फुगू लागला का, हे विचारून घ्यावं.