शर्यतीआधी वजन नव्हे, सेट कमी करा

डिसेंबर संपत आला की चेंबूरच्या डायमंड गार्डनभोवती पहाटे पळणाऱ्यांच्या गप्पांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: “आता जिम बंद, थेट मॅरेथॉननंतर.” जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी टाटा मुंबई मॅरेथॉन असते. त्यातल्या अर्धमॅरेथॉनचे धावपटू माहीमहून सुटतात, सी-लिंक ओलांडतात आणि पाय दमलेले असताना पेडर रोडचा चढ चढतात. तिथे मांड्यांतली ताकद लागते. ती शर्यतीआधी महिनाभर जिम सोडून जपता येत नाही.

आठवडा-दीड आठवडा वजन उचललं नाही, तर ताकद फारशी घटत नाही, हे खरं. पण तीन-चार आठवडे पूर्ण खंड पडला, तर ती ओसरू लागते. कमावलेली ताकद टिकवायला मात्र फार थोडं पुरतं. वजन तेच ठेवलं, तर आठवड्यातून एकदा केलेला व्यायामही ती कित्येक आठवडे टिकवतो.

दुसरा गैरसमज मला जास्त घातक वाटतो: “वजन निम्मं करा, रेप्स वाढवा.” हलक्या वजनाचे वीस-वीस रेप्स मारले की पाय थकतात, आणि ताकद टिकवणारा जड वजनाचा ताण तर मिळतच नाही. म्हणजे नेमकं उलटं होतं. थकवा येतो तो मुख्यतः एकूण कामातून, म्हणून कात्री सेट आणि रेप्सना लावायची.

समजा, तुम्ही आठवड्यातून दोनदा ६० किलोचे स्क्वॉट करता, सहा रेप्सचे चार सेट, म्हणजे एका वेळी २४ रेप्स. शर्यतीला तीन आठवडे उरले की ६० किलोच ठेवून पाचचे तीन सेट करा. पुढच्या आठवड्यात चारचे दोन, म्हणजे फक्त आठ रेप्स, तेही एकदाच. शेवटच्या आठवड्यात मंगळवारी ५० किलोचे तीन-तीन रेप्सचे दोन सेट, आणि मग रविवारपर्यंत बारला हात लावायचा नाही. लंजेस आणि रोमानियन डेडलिफ्ट शेवटचे दहा दिवस वगळा. त्यांत स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, त्यामुळे पाय जास्त दुखतात.

हे दुखणं साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त जाणवतं. म्हणूनच “गुरुवारी एकदा जोरदार लेग डे करून घेऊ” हा बेत महागात पडतो. त्या दिवशी केलेल्या कष्टाची ताकद रविवारपर्यंत तयार होत नाही, दुखणं मात्र वेळेवर हजर होतं.

प्रमाण जमलंय का, हे बार सांगतो. नेहमीचं वजन झपाट्याने वर जात असेल आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेचा जिना उतरताना मांड्या बोलत नसतील, तर ठीक चाललंय. शेवटचा रेप रखडला, तर पुढच्या वेळी एक सेट आणखी कमी करा. ज्यांनी वर्षभर बार उचललेलाच नाही, त्यांनी या तीन आठवड्यांत सुरुवात करू नये. गुडघा किंवा कंबर दुखत असेल, तर हे वेळापत्रक बाजूला ठेवून आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा.