साडेसात लाखांचा फरक नेमका कुठला?

जुलैचा पहिला आठवडा. एप्रिल ते जून या तिमाहीची पुस्तकं बंद झालेली असतात आणि फायनान्स मॅनेजरचा एका ओळीचा ईमेल येतो : खर्च बजेटपेक्षा जास्त का झाला? कोल्हापूरजवळच्या सुट्या भागांच्या एका कारखान्यात मी हिशेब पाहत होतो, तेव्हा या प्रश्नाला मी पहिल्यांदा अख्खी वर्कबुक जोडून उत्तर दिलं होतं. ‘सविस्तर तपशील सोबत आहे’ असं वर लिहून. मॅडमनी ती उघडलीच नाही. त्यांना बारा शीटा नको होत्या, कारणं हवी होती.

पुढच्या वेळी मी वर्कबुकमधून एवढाच तक्ता उचलला. आकडे लाख रुपयांत, आणि अधिक चिन्ह म्हणजे बजेटपेक्षा जास्त खर्च. हे चिन्हाचं वाक्य तक्त्यावर लिहायलाच हवं, कारण काही कार्यालयांत जादा खर्च उणे दाखवतात.

| खर्च | बजेट | प्रत्यक्ष | फरक |
|---|---|---|---|
| वाहतूक | २४.०० | २८.०५ | +४.०५ |
| दुरुस्ती | ९.०० | ६.२० | −२.८० |
| विमा | २.०० | ८.०० | +६.०० |
| इतर | ३१.०० | ३१.३५ | +०.३५ |
| एकूण | ६६.०० | ७३.६० | +७.६० |

तक्ता पाठवण्याआधी ७३.६० हा आकडा ट्रायल बॅलन्समधल्या खर्चाच्या बेरजेशी जुळवून घेतला. शीटवर फिल्टर लावलेला असेल तर `SUM` लपलेल्या ओळीही मोजतं, म्हणून डोळ्यांना दिसणाऱ्या ओळी आणि खालची बेरीज यांचा मेळ बसत नाही. फक्त दिसणाऱ्या ओळींची बेरीज हवी असेल तर हे वापरावं :

```
=SUBTOTAL(109,C2:C40)
```

आता खरं काम. तक्त्यातले मोठे तीन फरक तीन वेगळ्या जातीचे आहेत, आणि ते एकत्र करून ‘महागाईमुळे खर्च वाढला’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

विम्याचा वर्षाचा हप्ता ८ लाख. एप्रिलमध्ये पैसे गेले आणि सगळी रक्कम त्याच महिन्याच्या खर्चात पडली. या तिमाहीचा वाटा फक्त २ लाख. उरलेले ६ लाख आगाऊ भरलेला खर्च म्हणून ताळेबंदात जायला हवेत. म्हणजे ही उधळपट्टी नव्हे, नोंदीची चूक आहे. ती दुरुस्त केली की एकूण फरक ७.६० वरून १.६० लाखांवर येतो.

इथेच थांबण्याचा मोह होतो, पण थांबू नये. दुरुस्तीत वाचलेले २.८० लाख वाचलेले नाहीतच. जूनमध्ये ठरलेलं एका मशीनचं ओव्हरहॉल जुलैवर ढकललं गेलं. ते बिल पुढच्या तिमाहीत येणार. ही तात्पुरती बचत बाजूला केली की खरी वाढ ४.४० लाख उरते, आणि तिच्यातले ४.०५ लाख एकट्या वाहतुकीचे आहेत.

वाहतुकीच्या फरकाची फोड करता येते. बजेटमध्ये पुण्याकडच्या ४०० खेपा होत्या, खेपेला ६,००० रुपये. प्रत्यक्षात ४२५ खेपा झाल्या, ६,६०० रुपयांनी. जादा २५ खेपा जुन्या दराने धरल्या तर १.५० लाख, आणि ४२५ खेपांवर वाढलेले सहाशे रुपये म्हणजे २.५५ लाख. दर आपोआप खाली येणार नाही. उरलेल्या तीन तिमाह्यांत बजेटइतक्याच, म्हणजे १,२०० खेपा झाल्या तरी आणखी ७.२० लाख लागणार.

ईमेलचा मजकूर मग असा झाला :

‘मॅडम, नमस्कार. पहिल्या तिमाहीचा खर्च बजेटपेक्षा ७.६० लाखांनी जास्त दिसतो. त्यातले ६ लाख विम्याच्या नोंदीमुळे आहेत. ती नोंद आज दुरुस्त करतो. दुरुस्तीचे २.८० लाख जुलैत खर्च होतील. खरी वाढ ४.४० लाखांची आहे आणि ती मुख्यतः वाहतुकीत आहे. नवा दर टिकला तर वर्षअखेरपर्यंत आणखी ७.२० लाख जास्त लागतील. दुसऱ्या दोन वाहतूकदारांचे दर मागवू का?’

खाली तक्ता. वर्कबुक जोडली नाही, कुठे ठेवली आहे ते लिहिलं.

दहा मिनिटांत उलट प्रश्न आला : ‘दर मागवा. पण २५ खेपा वाढल्या, तेवढा माल गेला का?’ याचं उत्तर वर्कबुकमध्ये नव्हतं. मी डिस्पॅचचं रजिस्टर काढलं आणि खेपेगणिक वजन पाहिलं. एकूण माल बजेटइतकाच गेला होता. जूनच्या शेवटच्या आठवड्यात मात्र महिनाअखेरची बिलं काढायच्या घाईत अर्धे भरलेले टेम्पो रवाना झाले होते. माझ्या ईमेलमध्ये मी त्या दीड लाखाला कारणच दिलं नव्हतं, फक्त गुणाकार दिला होता. त्याच दुपारी दुसरा ईमेल लिहिला, आणि त्याची प्रत डिस्पॅचच्या साहेबांनाही पाठवली.