मानेतली गाठ आणि रक्तातले एलडीएच

मानेत गाठ आली की आपल्याकडे आधी क्षयाची शंका येते, आणि ती रास्तच असते. पण लिम्फोमाचा प्रकार ठरवायला सुईने काढलेल्या पेशी सहसा पुरत नाहीत. गाठीची आतली रचना पाहावी लागते. म्हणून शक्य तिथे अख्खी गाठ काढून तपासतात. हॉजकिन प्रकारात रीड-स्टर्नबर्ग पेशी दिसतात. नॉन-हॉजकिनचे कितीतरी उपप्रकार आहेत.

समजा, ६५ वर्षांच्या, हिंडत्याफिरत्या गृहस्थांच्या मानेत आणि जांघेत गाठी आहेत. बायोप्सीत वेगाने वाढणारा ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल’ लिम्फोमा निघाला. छाती-पोटामधल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना गाठी, म्हणून टप्पा तिसरा. हा टप्पा पेट-सीटी सांगतो, रक्त नव्हे.

मग एलडीएच कशाला? ते जोखीम सांगते. साठीपुढचे वय, तिसरा टप्पा आणि वाढलेले एलडीएच यांचा प्रत्येकी एक, असे पाचपैकी तीन गुण झाले; जोखीम मध्यमाहून वरची. मात्र यकृताच्या आजारात किंवा नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्यासही एलडीएच वाढते.

हिमोग्लोबिन, प्लेटलेट घटल्यास अस्थिमज्जेत आजार शिरल्याची शंका घ्यावी, पण रक्तगणना नॉर्मल आली म्हणून लिम्फोमा नाही असे मानू नये. आणि बायोप्सीआधी परस्पर स्टिरॉइड घेऊ नये. गाठ तात्पुरती विरघळते आणि निदान हुकते.