‘माशाअल्लाह’ कधी, ‘अल्हम्दुलिल्लाह’ कधी?

कैरोतील एखाद्या घरी नवजात बालकाला पाहावयास गेलेला पाहुणा ‘किती गोंडस बाळ आहे!’ एवढेच म्हणून थांबला, तर आई मनातून अस्वस्थ होण्याचा संभव असतो. पाहुण्याच्या मुखातून ‘माशाअल्लाह’ हा शब्द येण्याची ती वाट पाहत असते. तो आला, की कौतुकातील धोका टळला. आपल्याकडे काजळाची तीट जे काम करते, तेच तेथे हा शब्द करतो.

‘मा’ म्हणजे जे, ‘शाअ’ म्हणजे इच्छिले. ‘जे अल्लाहने इच्छिले’ एवढाच याचा शब्दार्थ. ‘ते घडले’ हा भाग अध्याहृत. क्रियापद भूतकाळी असले, तरी ‘इन्शाअल्लाह’मधील ‘इन’ म्हणजे ‘जर’ लागताच तेच क्रियापद भविष्याकडे वळते. म्हणून परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलास ‘माशाअल्लाह’, परीक्षेस निघालेल्यास ‘इन्शाअल्लाह’. हिंदी चित्रपटांतून हा शब्द केवळ सौंदर्याची वाहवा म्हणून आपल्या कानी पडतो, पण मूळ रोख वेगळा आहे. हे वैभव देणारा अल्लाह आहे, माझी नजर त्यावर नाही, असे बोलणारा सुचवीत असतो. कुराणाच्या अठराव्या अध्यायात बागेच्या गर्वाने फुगलेल्या माणसाला त्याचा सोबती हेच शब्द उच्चारावयास सांगतो. अर्थात ते स्वतःच्या संपत्तीविषयीही म्हटले जातात.

‘अल्हम्दुलिल्लाह’ मात्र प्रामुख्याने स्वतःच्या स्थितीविषयी असते. ‘हम्द’ म्हणजे स्तुती, ‘लि’ म्हणजे साठी. एकूण अर्थ ‘स्तुती अल्लाहसाठी’. भाषांतरात याचे ‘देवाचे आभार’ होते, पण आभाराला अरबीत ‘शुक्र’ हा निराळा शब्द आहे. आभार काही मिळाल्यावरच मानावयाचे. स्तुतीला तशी अट नाही. त्यामुळे हा शब्द सुखात जसा शोभतो, तसा दुःखातही.

शिंक आली, की शिंकणारा ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणतो आणि ऐकणारा ‘यरहमुकल्लाह’, म्हणजे ‘अल्लाह तुझ्यावर दया करो’, असे उत्तर देतो. भोजनाच्या शेवटीही हाच शब्द येतो. यजमान पुन्हा वाढू लागला असता पाहुण्याने तो उच्चारला, तर ‘पोट भरले, आता पुरे’ असा त्याचा व्यावहारिक अर्थ. अरब ख्रिस्ती लोकही तो सर्रास वापरतात, कारण ‘अल्लाह’ हा त्यांच्याही भाषेतील ईश्वरवाचक शब्द आहे.

खरी कसोटी ‘कसे आहात?’ या प्रश्नाची. धडधाकट माणूस ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणतो आणि अंथरुणाला खिळलेलाही तेच म्हणतो. प्रकृतीचे खरे वर्तमान शब्दांत नसून स्वरात असते. आवाज उतरलेला असेल आणि पुढे ‘अला कुल्लि हाल’, म्हणजे ‘प्रत्येक स्थितीत’, असे जोडलेले असेल, तर काही बिनसले आहे हे जाणता माणूस ओळखतो, आणि जवळ बसून हलक्या आवाजात दुसऱ्यांदा विचारतो.