प्रबंध आणि मौखिकी : लेखांक ७
‘ज्ञानातील भर स्पष्ट होत नाही’ या शेऱ्याला उत्तर

पीएच.डी.च्या प्रबंधावर परीक्षक जे शेरे लिहितात, त्यांपैकी नमुना लहान असल्याचा किंवा संदर्भसूची सदोष असल्याचा शेरा संशोधकाला निदान नेमका कळतो. मात्र ‘या अभ्यासाची ज्ञानात काय भर पडते, हे स्पष्ट होत नाही’ हा शेरा वाचून काय दुरुस्त करायचे हेच अनेकदा उमगत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार प्रबंधाचे मूल्यमापन मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बहिःस्थ परीक्षक, म्हणजे त्या विद्यापीठाच्या सेवेत नसलेले तज्ज्ञ, करतात आणि त्यांचे अहवाल समाधानकारक असतील तरच मौखिकी, म्हणजे रूढ भाषेत व्हायवा, घेतली जाते. त्यामुळे मौखिकीपर्यंत आलेल्या प्रबंधावरील या शेऱ्याचा अर्थ काम निरुपयोगी आहे असा सहसा नसतो. प्रबंधात काहीतरी आहे, पण ते परीक्षकाला शोधावे लागले, असा असतो.

या शेऱ्याला दिली जाणारी नेहमीची उत्तरे तीन आहेत आणि तिन्ही अपुरी आहेत. अमुक तालुक्यात असा अभ्यास यापूर्वी झालेला नाही, हे पहिले. पण एखाद्या तालुक्यात अभ्यास न होणे ही नकाशावरील पोकळी आहे. तो तालुका वेगळे काही शिकवतो असे दाखवल्याखेरीज ती ज्ञानातील पोकळी ठरत नाही. शिवाय ‘पहिलाच अभ्यास’ हा दावा फार ठिसूळ असतो, कारण शोधगंगा या प्रबंधसंग्रहात त्याच विषयावरचा दुसरा प्रबंध परीक्षकाला काही मिनिटांत सापडू शकतो. दुसरे उत्तर म्हणजे निष्कर्षांची यादी पुन्हा वाचून दाखवणे, आणि तिसरे म्हणजे शासनाला केलेल्या शिफारशी पुढे करणे. निष्कर्ष म्हणजे अभ्यासात जे आढळले ते, शिफारस म्हणजे त्यावरून काय करावे ते. ज्ञानातील भर मात्र आधी काय मानले जात होते आणि या आढळानंतर त्यात काय बदलावे लागते, या दोहोंमधील अंतरात असते. तुलनेची दुसरी बाजूच नसेल, तर ते अंतर दिसणार कसे?

दोष कोठे आहे हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. संबंधित साहित्याचा आढावा साधारणपणे दुसऱ्या प्रकरणात असतो. तेथे चर्चिलेल्या संशोधकांची नावे विश्लेषणाच्या आणि निष्कर्षांच्या प्रकरणांत पुन्हा येतात का, ते पाहावे. पुष्कळ प्रबंधांत ती दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटच्या पानावर निरोप घेतात आणि थेट संदर्भसूचीत भेटतात. असे झाले असेल, तर प्रबंधाने पूर्वसूरींशी संवाद सुरू करून अर्ध्यावर सोडला आहे आणि परीक्षकाचा शेरा बहुधा त्याच जागेविषयी आहे.

एक काल्पनिक, परंतु प्रातिनिधिक उदाहरण सविस्तर पाहता येईल. समजा, एका प्रबंधात महिला बचत गटांतील १४० कर्जदार स्त्रियांच्या मुलाखती आहेत आणि ‘गटांमुळे स्त्रियांचे सक्षमीकरण होते’ हा त्याचा मुख्य निष्कर्ष आहे. एवढ्या विधानावर हा शेरा येणे अटळ होते, कारण या प्रश्नावर आधीच मोठा वाद झालेला आहे. अ‍ॅन मरी गोएट्झ आणि रीना सेन गुप्ता यांनी १९९६ मध्ये बांगलादेशातील कर्जांच्या अभ्यासातून दाखवले, की स्त्रीच्या नावावरील कर्जाच्या वापरावर अनेकदा घरातील पुरुषाचेच नियंत्रण असते. नैला कबीर यांनी २००१ मध्ये कर्जदार स्त्रियांच्या स्वतःच्या कथनांच्या आधारे या निराशाजनक निष्कर्षाचा फेरविचार केला. कर्ज कोण वापरते आणि निर्णय कोण घेते हे दोन प्रश्न वेगळे ठेवले, तर चित्र बदलते, असे त्यांच्या मांडणीचे सार सांगता येईल.

आता त्याच प्रबंधातील एक दुर्लक्षित तक्ता पाहू. १४० पैकी ९६ कर्जे प्रत्यक्षात नवऱ्याने किंवा मुलाने वापरली होती. त्यांपैकी ५८ प्रकरणांत हप्ता मात्र बाई स्वतः गटाच्या बैठकीत भरत होती आणि उशीर झाल्यास इतरांसमोर कारणही तीच देत होती. उरलेल्या ३८ प्रकरणांत पैसे दुसऱ्या कोणाकरवी पोहोचत होते. पुढचे कर्ज कशासाठी घ्यायचे या निर्णयात बाईचा सहभाग पहिल्या गटात ४१ जणींचा, तर दुसऱ्यात केवळ ९ जणींचा होता. म्हणजे सुमारे ७१ टक्के आणि २४ टक्के. प्रबंधात हा तक्ता ‘परतफेडीची पद्धत’ या शीर्षकाखाली दोन ओळींत उरकलेला होता. परंतु ज्ञानातील भर नेमकी येथे आहे. वापर आणि निर्णय हे वेगळे असू शकतात, एवढे म्हणून हा तक्ता थांबत नाही. ते कोठे वेगळे होतात याकडेही तो बोट दाखवतो, आणि ती जागा म्हणजे चारचौघींसमोर हप्त्याची जबाबदारी पेलण्याची.

यावरून मौखिकीतील उत्तर दोन मिनिटांत मांडता येते. कर्जाच्या वापरावरून नियंत्रण मोजणारे अभ्यास पुरुषाने वापरलेले कर्ज स्त्रीच्या दृष्टीने गमावलेले धरतात. प्रस्तुत अभ्यासात अशा ९६ कर्जांतही दोन स्पष्टपणे भिन्न गट आढळतात. म्हणून वापराच्या जोडीला परतफेडीची सार्वजनिक जबाबदारी मोजली नाही, तर हा फरक नजरेतून निसटतो. विषय कसा निवडला, गावांत किती फेऱ्या झाल्या, हे या उत्तरात येण्याचे कारण नाही.

मर्यादा मात्र आल्याच पाहिजेत, आणि परीक्षकाने विचारण्याआधी आलेल्या बऱ्या. या आकड्यांवरून कार्यकारणाची दिशा ठरत नाही: बैठकीत हप्ता भरल्यामुळे घरात शब्दाला वजन आले, की ज्यांच्या शब्दाला वजन होतेच त्या बैठकीला जाऊ शकल्या, हे एकाच वेळच्या मुलाखतींतून सांगता येत नाही. गट सोडून गेलेल्या स्त्रिया नमुन्यात नाहीत, म्हणजे ज्यांना हप्ता पेलला नाही त्यांचा अनुभव निसटलेला असू शकतो. अशा कबुलीने दावा दुबळा होतो ही समजूत चुकीची आहे; दाव्याची हद्द आखलेली असली, की त्या हद्दीच्या आतले विधान परीक्षक निर्धास्तपणे मान्य करतो.

तोंडी उत्तर पटले तरी काम तेथे संपत नाही, कारण ग्रंथालयात प्रबंध जातो, संशोधकाचे बोलणे जात नाही. लेखी पूर्ततेत शेवटच्या प्रकरणाला ‘संशोधनाचे योगदान’ असा नवा परिच्छेद चिकटवणे ही सर्वात सोपी आणि सर्वात कमी उपयोगाची वाट आहे. येथे त्याऐवजी चार जागा बदलाव्या लागतील: साहित्याच्या आढाव्याचा शेवट वरील वादातील अनुत्तरित प्रश्नावर व्हावा, तो तक्ता विश्लेषणाच्या मध्यभागी यावा, त्याची चर्चा गोएट्झ–सेन गुप्ता आणि कबीर यांची नावे घेऊन व्हावी, आणि गोषवाऱ्यात ‘सक्षमीकरण होते’ या वाक्याच्या जागी हप्त्याविषयीचे नेमके विधान यावे. चारही ठिकाणी दाव्याचा जोर सारखाच ठेवावा. गोषवाऱ्यात ‘सिद्ध होते’ आणि निष्कर्षात ‘सूचित होते’ असे दिसले, तर परीक्षकाला दुसरा शेरा लिहायला आयतेच निमित्त मिळते.

सोबतच्या पूर्तता-तक्त्यात, म्हणजे शेरा, त्याचे उत्तर आणि केलेला बदल शेजारी-शेजारी मांडणाऱ्या कागदात, अनेकदा ‘सूचनेनुसार दुरुस्ती केली आहे’ एवढेच लिहिलेले असते. तेथे नवे वाक्य शब्दशः उतरवून जुना व नवा पृष्ठक्रमांक द्यावा, कारण परीक्षक बहुधा हा कागद आधी हातात घेतो आणि प्रबंध त्यातल्या पृष्ठक्रमांकांवरच उघडतो.